अभ्यासाचं टेबल : वीस पानांचा धडा आणि मिठाईचा खोका

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मुलांच्या वाचनाच्या सवयीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी-तिघींनी एकच प्रश्न विचारला, "वाचतात हो मुलं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री धड्यात काय होतं ते सांगता येत नाही. त्याचं काय करायचं?" यंदाचा लेख त्याबद्दल आहे. मोठ्या धड्याचा नकाशा कसा काढायचा, त्यावरून प्रश्नांची कार्डं कशी करायची, आणि हे दोन भाषांत का करायचं, एवढंच सांगते. सर्वसाधारण सांगण्यापेक्षा एकच धडा घेते, कारण तो आमच्या घरात यंदा जूनपासून मुक्कामालाच आहे.

धडा आहे दहावीच्या एनसीईआरटी विज्ञानातला 'लाइफ प्रोसेसेस', म्हणजे जीवनप्रक्रिया. सुमारे वीस पानं. पोषण, श्वसन, परिवहन, उत्सर्जन असे चार मोठे भाग. इथे मस्कतमध्ये आपली बहुतेक मुलं सीबीएसईच्या शाळांत आहेत, त्यामुळे ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी हा धडा पाहिलेला असेलच.

माझा मुलगा इथेच वाढला. त्याच्याच वर्गात आमच्या इमारतीतली एक मुलगी आहे. ती गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून आठवी करून थेट इथे नववीत आली. जूनमधल्या चाचणीत या धड्यावर एक तीन गुणांचा प्रश्न होता: सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन कमी असलेलं रक्त वेगळं ठेवणं का गरजेचं असतं? मुलाला तीनपैकी तीन मिळाले. तिला एक. तिची आई पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हिला परत गावी आजीकडे पाठवावं का हो? तिकडे पहिली-दुसरी यायची."

मी शाळेत मराठी शिकवत होते, विज्ञान माझा विषय नाही. पण उत्तरपत्रिका वाचायची सवय आहे. मुलीनं इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा होता, 'शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त मिसळलं तर शुद्ध रक्त घाण होतं.' बाईंनी 'इम्प्युअर' या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. म्हणजे चूक केवळ इंग्रजीची नव्हती. आपण घरात, कधी कधी शाळेतही, 'अशुद्ध रक्त' म्हणतो. तो शब्द तिनं तसाच्या तसा इंग्रजीत नेला आणि त्याबरोबर चुकीची कल्पनाही नेली. ज्याला आपण अशुद्ध म्हणतो ते रक्त घाण नसतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, इतकंच.

आता मुलाची गंमत ऐका. त्याच आठवड्यात कोल्हापूरला माझ्या सासऱ्यांची अँजिओग्राफी झाली. फोनवर त्यांनी नातवाला विचारलं, "अरे, धमनीत अडथळा आहे म्हणतात. म्हणजे नेमकं कुठं?" तीनपैकी तीन गुणवाला माझा मुलगा गप्प. फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, मला मराठीत नाही येत." मी म्हटलं, "बरं, मला इंग्रजीत सांग." तेव्हा त्यानं पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं. त्याच्यापुढे एक वाक्यही त्याला स्वतःचं सांगता आलं नाही.

एकीला कल्पना होती पण शब्द चुकीचे, दुसऱ्याकडे शब्द होते पण कल्पना नाही. दोघांनाही मी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवलं. पुढे जे केलं ते क्रमानं सांगते.

आधी धड्याचे तुकडे

पहिल्या दिवशी धडा वाचायचा नाही, फक्त मोजायचा. पेन्सिल घेऊन शीर्षकं, उपशीर्षकं आणि आकृत्या यांवर खुणा करायच्या आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दिलेले प्रश्न वाचायचे. याला पंधरा मिनिटं लागतात. एनसीईआरटीच्या पुस्तकात प्रत्येक भागानंतर चौकटीत प्रश्न असतात. मुलं ते सोडून पुढे जातात, पण लेखकांना त्या भागातलं काय महत्त्वाचं वाटलं ते तिथेच कळतं.

नकाशा संपूर्ण धड्याचा एका कागदावर काढायला जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. माझ्या मुलानं चार रंगांत चार फांद्या काढल्या, प्रत्येकीवर दहा-दहा शब्द लिहिले, दीड तास गेला, आणि कागद भिंतीवर लावल्यावर छान दिसला. दुसऱ्या दिवशी मी एका फांदीवर बोट ठेवून विचारलं, "या शब्दाचा त्या शब्दाशी काय संबंध?" त्याला सांगता आलं नाही. तो नकाशा नव्हताच, अनुक्रमणिका होती. एका कागदावर एकच भाग घ्यायचा. आम्ही माणसातलं परिवहन निवडलं, म्हणजे हृदय, रक्त आणि रक्तवाहिन्या. पुस्तकात हा मजकूर चार-पाच पानांचाच आहे.

मराठी शब्द कुठून आणायचे

दोन भाषांत अभ्यास करायचा तर दुसऱ्या भाषेतले शब्द खात्रीचे हवेत. शब्दकोशातून किंवा आपल्या आठवणीतून घेतले तर घोळ होतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. महाराष्ट्राच्या आठवीच्या विज्ञानात 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' हा पाठ आहे, त्यात श्वसन आणि रक्ताभिसरण आहे. बालभारती तेच पुस्तक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांसाठी काढते. दोन्ही शेजारी उघडून ठेवली की कोणत्या शब्दाला कोणता शब्द हे परिच्छेदागणिक जुळतं. आमच्या मुलीचा हा पाठ गावी झालेलाच होता. पुस्तक पाहताच तिचा चेहरा उजळला, "काकू, हे तर मला येतंय!"

एक सापळा मात्र इथल्या मुलांसाठी खास आहे. त्यांची दुसरी भाषा हिंदी असते. मराठीत 'पेशी' म्हणजे सेल. हिंदीत 'पेशी' म्हणजे मसल, आणि सेलला हिंदीत 'कोशिका' म्हणतात. केशवाहिन्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची असते, हे मी मराठीत सांगितलं तेव्हा माझ्या मुलाला वाटलं की ती भिंत एका स्नायूएवढी जाड असते. म्हणजे नेमकं उलटं! ज्यांच्या डोक्यात तीन भाषा आहेत त्यांनी असा शब्द भेटला की तिन्ही भाषांतले अर्थ एकाच कार्डावर लिहून ठेवावेत.

आणखी एक. आपल्यातल्या अनेकांना 'रोहिणी' आणि 'नीला' हे शब्द आठवतात, मुलांच्या पुस्तकात 'धमनी' आणि 'शिरा' असतात. दोन्ही बरोबर आहेत. पण घरात एकच जोडी ठरवून घ्या, नाहीतर मुलाला वाटतं रक्तवाहिन्या पाच प्रकारच्या आहेत. आम्ही धमनी, शिरा आणि केशवाहिनी ठरवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या कप्प्यांना जवनिका.

नकाशा : पुस्तक मिटून

भाग एकदा सावकाश वाचायचा. साधारण अर्धा तास. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि आडव्या कागदावर आठवेल तेवढं काढायचं. वीस मिनिटं. ही पायरी मुलांना सर्वांत जास्त नकोशी वाटते. पण पुस्तक उघडं ठेवून काढलेला नकाशा म्हणजे नक्कलच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले कार्पिके आणि ब्लंट यांनी २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटानं मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, दुसऱ्यानं मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्या गटाला जास्त येत होतं. यात नकाशाचा दोष नाही. तो आठवून काढला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

मधोमध शीर्षक लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. आमचा प्रश्न होता, 'रक्त कुठून कुठे जातं?' मग वाट काढायची. शरीराकडून शिरांमधून रक्त उजव्या कर्णिकेत येतं, तिथून उजव्या जवनिकेत. उजवी जवनिका ते फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे ढकलते. तिथे ते कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऑक्सिजन घेतं, आणि फुप्फुस शिरांमधून डाव्या कर्णिकेत येतं. डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत, आणि डावी जवनिका ते महाधमनीतून पुन्हा शरीरभर पाठवते. म्हणजे एका फेरीत रक्त हृदयातून दोनदा जातं.

इथे महत्त्वाचा नियम एकच. प्रत्येक बाणावर क्रियापद हवं. 'आणते', 'ढकलते', 'सोडतं', 'घेतं'. मुलं चौकटींत नामं भरतात आणि बाण मुके ठेवतात. पण तीन गुणांचं उत्तर बाणावरच्या शब्दांतून तयार होतं. टोनी बुझान यांनी लोकप्रिय केलेल्या माइंड मॅपमध्ये फांदीवर एकेक शब्द असतो. जोसेफ नोव्हाक यांच्या कन्सेप्ट मॅपमध्ये दोन कल्पनांना जोडणारे शब्द रेघेवर लिहितात. विज्ञानाच्या धड्यासाठी मला ही दुसरी रीत बरी वाटते. नाव काहीही द्या, बाण बोलका हवा.

मुख्य वाटेच्या कडेला आम्ही दोनच फांद्या ठेवल्या. पहिली 'नळ्या'. धमन्यांमधून रक्त जोरात येतं म्हणून त्यांच्या भिंती जाड आणि लवचीक. शिरांमध्ये तो दाब उरलेला नसतो म्हणून भिंती पातळ, पण रक्त उलटं जाऊ नये म्हणून झडपा. केशवाहिन्यांतून देवाणघेवाण होते म्हणून भिंत एका पेशीची. दुसरी फांदी 'दोनदा का?' पक्षी आणि सस्तन प्राणी शरीराचं तापमान टिकवण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतात. त्यासाठी भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि दोन प्रकारचं रक्त मिसळलं नाही तरच तो पुरेसा पोचतो. माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात, रक्त कल्ल्यांतून थेट शरीराकडे जातं आणि एका फेरीत हृदयातून एकदाच जातं. त्याचं त्यात भागतं.

कोणती भाषा आधी?

मुलाच्या डोक्यात विचार ज्या भाषेत चालतो, त्या भाषेत नकाशा आधी काढायचा. मुलीनं पेन्सिलीनं मराठीत काढला, माझ्या मुलानं इंग्रजीत. मग पुस्तक उघडून दोघांनी लाल पेननं चुका आणि राहिलेलं भरलं. हे लाल खाडाखोड केलेलं पान फेकायचं नाही, पुढे कार्डं त्यावरूनच होतात. मुलीनं फुप्फुस धमनीचं नाव 'फुप्फुस शिरा' लिहिलं होतं. का, तर 'धमनीत शुद्ध रक्त' असं तिनं पाठ केलं होतं, आणि फुप्फुसाकडे जाणारं रक्त तर 'अशुद्ध'. पुन्हा तोच शब्द आडवा आला! धमनी ही आतल्या रक्तावरून ठरत नाही, दिशेवरून ठरते. हृदयाकडून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर शुद्ध-अशुद्ध हे शब्द बंद झाले आणि 'ऑक्सिजनयुक्त' सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच नकाशावर निळ्या पेननं दुसरी भाषा. चौकटीतल्या मराठी शब्दाखाली इंग्रजी शब्द, स्पेलिंगसकट. आणि बाणावरच्या क्रियापदाखाली इंग्रजी क्रियापद. इथे मुलगी अडली. एट्रियम, व्हेन्ट्रिकल हे शब्द तिनं दोन दिवसांत पाठ केले. पण 'हृदयाकडून दूर नेते' याला इंग्रजीत काय म्हणायचं हे तिला येत नव्हतं. ती प्रत्येक वेळी 'इज' लिहून मोकळी होत होती. 'कॅरीज अवे फ्रॉम', 'ब्रिंग्ज बॅक टू', 'पम्प्स इन्टू' असे सात-आठ तुकडे तिला हवे होते, तिथे तिचे गुण जात होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पालक नामांच्या याद्या पाठ करून घेतात. माझं म्हणणं, निम्मा वेळ या क्रियापदांना द्या. माझ्या मुलाला मात्र उलट दिशेनं जावं लागलं. त्याला 'झडप' आणि 'ढकलते' शिकावं लागलं.

म्हणून रंग सजावटीसाठी वापरू नका, भाषेसाठी वापरा. पेन्सिल एक भाषा, निळा दुसरी, लाल म्हणजे चुकलेलं. तीन रंग पुरतात.

कार्डं : कोणती आणि किती

नकाशानं वाट कळते, पण ती पंधरा दिवसांनी पुसट होते. कार्डं त्यासाठी. ए-४ जाड कागदाचे आठ तुकडे केले की चांगल्या आकाराची कार्डं होतात. एका भागासाठी वीस ते पंचवीस पुरे. साठ केली तर कोणी पाहत नाही.

आम्ही तीन तऱ्हांची केली. पहिली शब्दांची, एका बाजूला कर्णिका, मागे एट्रियम. ही दोन्ही बाजूंनी विचारायची. ही आठच ठेवली. दुसरी बाणांची: पुढे मराठीत 'उजवी जवनिका रक्ताचं काय करते?' मागे इंग्रजीत पूर्ण वाक्य. तिसरी 'का'ची: 'धमनीची भिंत जाड का?', 'शिरेत झडपा का?', 'माशाचं एका फेरीत भागतं, आपलं का नाही?' मागे दोन मुद्दे, इंग्रजीत.

प्रश्न मराठीत आणि उत्तर इंग्रजीत, यात युक्ती आहे. दोन्ही इंग्रजीत ठेवलं तर मुलं प्रश्नातला एखादा शब्द ओळखून पाठ वाक्य म्हणतात. प्रश्न दुसऱ्या भाषेत आला की तो समजून घ्यावाच लागतो, मग उत्तर सापडतं. माझ्या मुलासाठी निम्मी कार्डं उलटी केली, प्रश्न इंग्रजीत आणि उत्तर मराठीत.

एका कार्डावर एकच प्रश्न. मुलीचं पहिलं कार्ड होतं, 'रक्तवाहिन्यांचे प्रकार आणि कार्ये सांगा.' मागे नऊ ओळी. तिला रोज त्यातल्या सहा यायच्या, तीन राहायच्या. मग हे कार्ड आलं म्हणायचं की नाही? अशी शंका आली की समजावं, कार्ड फोडायला हवं. आम्ही त्याची पाच केली.

खोक्याचे तीन कप्पे

कार्डं कधी पाहायची यासाठी जुनी, सोपी रीत आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली जर्मन भाषेतल्या पुस्तकात ती लोकांपुढे आणली. खोक्यात कप्पे करायचे. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलेलं पहिल्यात परत येतं. आम्ही गेल्या दिवाळीतला काजूकतलीचा रिकामा खोका घेतला आणि पुठ्ठ्यानं तीन कप्पे केले. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी. पंचवीस कार्डांना रोज दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत, कारण आठवड्याभरात पहिल्या कप्प्यात सात-आठच उरतात.

यात फसवणूक कुठे होते तेही सांगते. कार्ड उलटून उत्तर वाचलं की मूल म्हणतं, "हो हो, हेच म्हणायचं होतं." तसं नसतं. आधी मोठ्यानं म्हणायचं किंवा लिहायचं, मगच उलटायचं. 'का'ची कार्डं लिहूनच. दुसरं, क्रम पाठ होतो. 'कर्णिका'नंतर 'जवनिका' येणार हे हाताला कळतं. म्हणून पत्त्यांसारखी पिसायची. तिसरं, कार्ड चार-पाच वेळा पहिल्या कप्प्यात परत येत असेल तर मुलाला रागवू नका, कार्ड वाईट आहे. एकतर प्रश्न मोठा आहे, नाहीतर मागची कल्पनाच कळलेली नाही. नकाशावर जाऊन त्या बाणावर बोट ठेवून बोलायला लावा.

नकाशाची परीक्षाही अशीच आहे. नकाशा पालथा ठेवून, कोऱ्या कागदावर बोट फिरवत रक्ताची पूर्ण फेरी आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत सांगायची. दोन्हींत एकाच ठिकाणी अडलं तर विज्ञान कच्चं आहे. एकाच भाषेत अडलं तर भाषा कच्ची आहे. दोन भाषांत अभ्यास करण्याचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच. नेमकं काय येत नाही ते कळतं, आणि सगळा दोष 'इंग्रजी कच्चं आहे' यावर ढकलता येत नाही.

हे सगळ्याला लागू नाही. गणितासाठी उदाहरणं सोडवणं हाच रस्ता, सूत्रांची चार कार्डं झाली तर झाली. हृदयाची आकृतीही कार्डावर पाहून येत नाही, ती हातानं चार वेळा काढावीच लागते. आणि वीस पानांच्या धड्याचे चार-पाच नकाशे होतात, तेव्हा चाचणीच्या आदल्या रात्री सुरू करण्याचं हे काम नाही. एका भागाला तीन दिवस धरा: वाचन आणि पहिला नकाशा, दुसरी भाषा, मग कार्डं.

सहामाहीत तो प्रश्न थोडा फिरवून आला: माशाच्या आणि माणसाच्या रक्ताभिसरणातला फरक सांगून दुसऱ्याचा फायदा लिहा. मुलीला तीनपैकी अडीच मिळाले, अर्धा गुण व्हेन्ट्रिकलच्या स्पेलिंगनं गेला. तिनं पेपर दाखवताना पहिल्यांदा लाल रेघा मोजल्या नाहीत. तिची आई गावी पाठवण्याबद्दल नंतर बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मुलानं गणपतीत आजोबांना व्हिडिओ कॉल केला आणि नकाशा कॅमेऱ्यासमोर धरून रक्ताची अख्खी फेरी मराठीत सांगितली. एक-दोनदा 'पुश करते' म्हणाला, तेवढं चालतं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हृदयात एवढं रक्त खेळतंय, मग हृदयालाच रक्त कमी कसं पडतं रे?"

हा प्रश्न पुस्तकात नाही. आम्ही तिघांनी तो शोधून काढला. कप्प्यांमधून वाहणाऱ्या रक्तावर हृदयाच्या जाड भिंतीचं भागत नाही. तिला रक्त पुरवणाऱ्या धमन्या वेगळ्या असतात. त्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीलाच फुटतात आणि हृदयाच्या बाहेरच्या बाजूनं पसरतात. आजोबांचा अडथळा त्यांतल्या एकीत होता.

त्याचं कार्ड केलंय. पुढे आजोबांचाच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. मागे उत्तर, यावेळी दोन्ही भाषांत. ते अजून तिसऱ्या कप्प्यात गेलेलं नाही, मुलगा 'महाधमनी' विसरतो. मुलीला मात्र ते पहिल्याच दिवशी आलं.